पंचमानंतर धैवत

गाण्याचे ध्रुवपद तिसऱ्यांदा संपत आलेले असते, गायिका शेवटच्या शब्दावर रिषभावरून षड्जावर उतरते, आणि ज्या मात्रेवर तिच्या सुराखाली षड्जाची कॉर्ड वाजायला हवी नेमक्या त्याच मात्रेवर बेस पंचमावरून षड्जाकडे न जाता एकच पायरी चढून धैवतावर जातो. गायिकेने काहीही वेगळे केलेले नसते. याआधी दोन वेळा जे गायले तेच शब्द, तेच सूर, तोच ठेहराव. तरीही ऐकणाऱ्याच्या पोटात क्षणभर काहीतरी हलते, कारण सूर घरी पोचला आहे आणि घर मात्र जागेवर नाही. पाश्चात्त्य संगीतात याला डिसेप्टिव्ह कॅडन्स, म्हणजे चकवणारा समारोप, म्हणतात. गेली काही वर्षे मी आमच्या समूहगानाच्या गटासाठी कॉर्ड आणि साथीचे सूर लिहितो आहे, आणि या एका जागेने मला जितके रखडवले आहे तितके दुसऱ्या कशानेही नाही.

ही गोष्ट मला प्रथम दाखवली ती वसईच्या आमच्या सरांनी. सर अनेक वर्षे चर्चमध्ये मराठी गीतांना ऑर्गनची साथ करत होते आणि उरलेल्या वेळात आमच्यासारख्यांना हार्मनी शिकवत होते. एका संध्याकाळी त्यांनी सी मेजरमधली चार ओळींची एक साधी चाल वाजवली. शेवटी पंचमाची, म्हणजे जी सेव्हन्थची, कॉर्ड आली, मी मनातल्या मनात षड्जाचा सी ऐकलाही, आणि त्यांनी धैवताचा ए मायनर वाजवून हात तसाच धरून ठेवला. मग विचारले, "वरचा सूर कुठला आहे सांग." मी म्हणालो, "षड्जच आहे, सर." ते म्हणाले, "मग तुला चुकल्यासारखं का वाटलं?" त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायला मला फार वेळ लागला.

ते उत्तर असे आहे. पांढरी एक हा षड्ज धरला तर षड्जाची कॉर्ड म्हणजे सा, ग, प. धैवतावरची मायनर कॉर्ड म्हणजे ध, सा, ग. तीन सुरांपैकी दोन सूर, सा आणि ग, दोन्हींत समान आहेत. तिच्या आधी येणारी पंचमाची सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे प, नी, रे, म. या कॉर्डमधला ताण मुख्यतः नी आणि म या दोन सुरांमध्ये असतो. नी वर सा कडे झुकलेला असतो, तर म खाली ग कडे. आता गंमत अशी की धैवताच्या कॉर्डवर गेले तरी या दोघांचीही इच्छा पुरी होते. नी ला त्याचा सा मिळतो, म ला त्याचा ग मिळतो, रे सुद्धा सा वर विसावतो. वरच्या सगळ्या सुरांनी दिलेला शब्द पाळलेला असतो. शब्द मोडतो तो एकट्या बेसने. प वरून सा वर जाण्याऐवजी तो ध वर जातो, आणि या एका पायरीमुळे वरच्या त्याच सुरांचा अर्थ बदलतो. जो सा कॉर्डचा पाया होता तो आता धैवताचा कोमल गंधार होतो, म्हणजे मायनरचा हळवा सूर होतो.

या जागेची नावे मला नेहमी अपुरी वाटतात. झाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने 1722 सालच्या हार्मनीवरील आपल्या ग्रंथात तिला मोडलेला कॅडन्स म्हटले. जर्मन लोक ट्रुगश्लुस, म्हणजे फसवा समारोप, म्हणतात. ब्रिटिश पद्धतीच्या संगीतपरीक्षा दिलेल्या मुलांना ती इंटरप्टेड कॅडन्स, म्हणजे अडवलेला समारोप, या नावाने ठाऊक असते. मोडलेला, फसवा, अडवलेला या तिन्ही शब्दांत बिघाडाची छटा आहे. प्रत्यक्षात चारपैकी तीन आवाज अगदी सरळपणे आपापल्या ठिकाणी पोचतात, आणि माझ्या मते परिणामाचे सगळे बळ त्या सरळपणातच आहे. वरचे सूरही भलतीकडे गेले असते तर ऐकणाऱ्याला फक्त गोंधळ जाणवला असता.

ज्या गाण्यावर मी हे सगळे शिकलो ते आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीने लिहिलेले होते. गावाकडे वाट पाहणाऱ्या आईचे ते गाणे आहे आणि ध्रुवपदाची शेवटची ओळ आहे, "दिवे लागले, आता परत ये घरी." चाल सी मेजरमध्ये, चार मात्रांच्या मापात, मिनिटाला 76 मात्रा अशा संथ लयीत. ध्रुवपद आठ मापांचे. सातव्या मापात जी सेव्हन्थ, त्यावर "परत ये" हे शब्द, मग "घरी" मधला ऱ्हस्व घ रिषभावर मापाच्या अगदी शेवटी, आणि दीर्घ री आठव्या मापाच्या पहिल्या मात्रेवर षड्जावर. संपूर्ण गाण्यात हे ध्रुवपद तीनदा येते. तिसऱ्या वेळी "घरी" या शब्दाखाली घर येऊ नये, असे मला वाटले. मूल अजून परतलेले नाही, आईने फक्त हाक मारली आहे. त्या शब्दाखाली धैवत ठेवायचा, आणि मग तीच ओळ पुन्हा म्हणून खरा षड्ज द्यायचा, असा माझा बेत होता.

कागदावर हे एका मिनिटात लिहून झाले. पहिल्या तालमीला मात्र ती जागा आली आणि निघून गेली, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटले नाही. गायिकेने तर गाणे संपल्यावर विचारले, "तू शेवटी काहीतरी बदललं म्हणाला होतास ना, ते कुठे आहे?" मी रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकले तेव्हा मलाही ते शोधावे लागले.

पहिले कारण सापडायला दोन दिवस लागले. आमच्या तालमीत सवयीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू असतो, सा आणि प लावलेला. शिवाय कीबोर्ड वाजवणारा मित्र भावगीतांच्या साथीत मुरलेला आहे, त्यामुळे त्याचा डावा हात ध्रुवपद संपताना आपोआप खर्जातल्या षड्जावर जाऊन बसतो. बेस गिटारवाल्याने ध वाजवला होता, पण त्याच्याही खाली हा षड्ज घुमत होता. आता सा, ग आणि ध हे सूर खालच्या सा वर ठेवून पाहा. कानाला ती धैवताची मायनर कॉर्ड वाटतच नाही. ती षड्जाचीच कॉर्ड वाटते, फक्त धैवत मिसळून थोडी गोड केलेली, जिला वादक सी सिक्स म्हणतात. तानपुऱ्यातला पंचम तर त्या समजुतीवर शिक्काच मारतो. म्हणजे आम्ही फसवा समारोप वाजवलाच नव्हता. आम्ही नेहमीचाच समारोप थोडी साखर घालून वाजवला होता.

हे लक्षात आल्यावर मला आपल्या संगीताबद्दलही एक गोष्ट कळली. जिथे तानपुऱ्याचा षड्ज अखंड वाजत असतो तिथे जमीन कधी हलतच नाही, त्यामुळे सुराखालची जमीन सरकवण्याची ही युक्ती तिथे संभवत नाही. आपल्याकडे असा चकवा तालात येतो. तिहाई समेवर पडणार म्हणून आपण मान पुढे केलेली असते आणि कलाकार समेच्या किंचित आधी किंवा किंचित नंतर येतो, ज्याला अनागत आणि अतीत म्हणतात. तिथेही बंदिशीचे शब्द आणि राग बदललेले नसतात, बदलते ती फक्त पोचण्याची वेळ. मला या दोन गोष्टी सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात. पण एकीची जागा दुसरीला देता येत नाही, आणि तानपुरा चालू ठेवून कॉर्डचा चकवा साधण्याचा हट्ट मी त्या दिवशी सोडला. तिसऱ्या ध्रुवपदाच्या आधीच्या संगीतखंडात तानपुरा हळूहळू विरून जाईल असे केले, म्हणजे त्याचे जाणे कोणाला खटकू नये, आणि त्या मापात सगळ्यात खालचा सूर फक्त बेस गिटारचा असेल, कीबोर्डचा डावा हात उचललेला असेल, असे ठरवले.

तरीही पुढच्या तालमीला परिणाम अर्धाच झाला. आता तो ऐकू येत होता, पण धक्का म्हणावा असे त्यात काही नव्हते. या वेळचे कारण अधिक खोल होते आणि ते मी स्वतःच लिहून ठेवलेले होते. अंतऱ्यासाठी मी सी, जी, ए मायनर, एफ या चार कॉर्डची फिरती माळ वापरली होती. ही माळ गेल्या कित्येक दशकांच्या लोकप्रिय गाण्यांत इतकी आहे की गिटार शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यात तीच शिकतो. तिच्यात जी नंतर ए मायनर दर फेरीला येतो. माझ्या दोन अंतऱ्यांत मिळून ही फेरी आठ वेळा येत होती. म्हणजे ज्या क्षणाने ऐकणाऱ्याला चकित करायचे, तो क्षण मी त्याला आधीच आठ वेळा ऐकवून त्याची सवय लावली होती. कॉर्डची जोडी कागदावर तीच असली तरी माळेमध्ये ती समारोप नसते, कारण तिथे कोणी थांबण्याची अपेक्षाच करत नाही. आणि एकदा कानाला पंचमानंतर धैवत हा रोजचा रस्ता वाटू लागला की समारोपाच्या जागीही तो रोजचाच वाटतो.

सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अरे, जी गोष्ट शेवटी द्यायची ती आधी ताटात वाढायची नाही." मी अंतरा पुन्हा लिहायला बसलो. ए मायनर अंतऱ्यातून पूर्ण काढून टाकावा असे प्रथम वाटले, पण त्यामुळे अंतरा कोरडा झाला, आईच्या गाण्याला मायनरचा ओलावा हवा होता. शेवटी ए मायनर ठेवला, पण तो कधीही जी नंतर येणार नाही असा नियम स्वतःला घालून घेतला. तो एफ नंतर येतो, सी नंतर येतो, आणि जी नंतर प्रत्येक वेळी, अपवाद न करता, सी येतो. पहिल्या आणि दुसऱ्या ध्रुवपदाचा शेवटही मी अधिक ठाम केला. तिथे आधी मी जी ऐवजी हळुवार जी सस्पेंडेड वाजवत होतो, त्यामुळे समारोप सैल पडत होता. आता दोन्ही वेळा स्वच्छ जी सेव्हन्थ, बेस प वरून थेट सा वर, आणि सा वर दोन पूर्ण मापे थांबा. तिसऱ्या वेळी मोडायचे वचन पहिल्या दोन वेळा अगदी स्पष्ट उच्चारात दिलेले असले पाहिजे. मला वाटते की या जागेवरचे निम्म्याहून अधिक काम त्या जागेच्या आधीच्या तीन मिनिटांत असते.

या टप्प्यावर मी थोडा वाहवत गेलो हेही सांगितले पाहिजे. धैवताची मायनर कॉर्ड फार मवाळ वाटू लागली म्हणून मी कोमल धैवताची मेजर कॉर्ड लावून पाहिली, म्हणजे ए फ्लॅट मेजर, कोमल ध, सा, कोमल ग. हिच्यातही षड्ज आहे, त्यामुळे मुख्य गायिकेची चाल तशीच राहते. पण परिणाम कितीतरी अधिक तीव्र असतो, कारण कोमल धैवत आणि कोमल गंधार हे दोन्ही सूर त्या सप्तकातलेच नाहीत. एखाद्या ओळखीच्या खोलीचे दार उघडावे आणि पलीकडे समुद्र दिसावा, तसे होते. कीबोर्डवर एकट्याने वाजवताना मी त्यावर फार खूश होतो. तालमीत मात्र ती जागा येताच कर्कश टक्कर झाली. साथीला गाणाऱ्या मुलीचा सूर मी बदलायला विसरलो होतो. ती म वरून शुद्ध ग वर उतरत होती, जसे आधी दोन्ही वेळा उतरली होती, आणि तिच्या शुद्ध गंधाराला कीबोर्डचा कोमल गंधार थेट घासत होता. तिचा सूर कोमल ग करून दिला, तिने तो अचूक लावलाही, पण मग माझ्या लक्षात आले की गाण्याच्या अर्थाला हा रंग पेलत नाही. आईची हाक त्या कॉर्डवर अचानक भव्य, जवळजवळ नाटकी होत होती.

हे दोन्ही रंग एकाच रचनेत शेजारी शेजारी ऐकायचे असतील तर बेथोव्हेनचा ओपस 81ए हा पियानो सोनाटा ऐकावा. मे 1809 मध्ये नेपोलियनचे सैन्य व्हिएन्नाच्या दिशेने येत असताना आर्चड्यूक रुडॉल्फ शहर सोडून गेले, त्या निरोपाशी तो जोडलेला आहे. सुरुवातीला फक्त तीन सूर येतात, ग, रे, सा, आणि त्यांच्यावर बेथोव्हेनने निरोपाच्या जर्मन शब्दाची तीन अक्षरे लिहिली आहेत. पट्टी ई फ्लॅट मेजरची. वरचा सूर सरळ षड्जावर उतरतो, पण तिसऱ्या अक्षराखाली ई फ्लॅटऐवजी सी मायनर येतो, म्हणजे धैवताची मायनर कॉर्ड. काही मापांनंतर तेच तीन सूर पुन्हा येतात आणि या वेळी शेवटी कोमल धैवताची मेजर कॉर्ड येते. हा कोणत्याही गीताच्या ध्रुवपदाचा शेवट नाही, उलट रचनेची सुरुवात आहे, पण युक्ती अगदी तीच आहे. पहिल्यांदा ऐकताना दुखते, दुसऱ्यांदा जमीन दूर जाते. बेथोव्हेनला दोन्ही हवे होते. आमच्या गाण्यातली आई कुठे गेलेली नाही, ती दारात उभी आहे, म्हणून मी परत ए मायनरकडे आलो.

गटातल्या गिटारवाल्याने तिसरा एक पर्याय सुचवला होता, सी ऐवजी एफ. मध्यमाच्या कॉर्डमध्येही सा आहे, तेव्हा चालीला धोका नाही. वाजवून पाहिल्यावर तो मला चांगला पण वेगळा वाटला. जी सेव्हन्थमधला म तिथे म वरच राहतो, त्याला ग मिळत नाही, त्यामुळे वाक्य पूर्ण होता होता वळले असे न वाटता वाक्य अजून चालूच आहे असे वाटते. एखाद्या गाण्यात तेच हवे असू शकते. मला मात्र सूर पोचलेला हवा होता आणि जमीन न पोचलेली.

मग उरला तो आवाजांचा प्रश्न. आमच्याकडे मुख्य गायिकेशिवाय साथीला दोन मुली आहेत. जी सेव्हन्थवर मुख्य गायिका रे वर, दुसरी नी वर, आणि तिसरीला मी आधी प दिला होता. बेसही प वरच. जागा येताच तिसरी मुलगी, कानाला जवळचे वाटले म्हणून, प वरून ध वर चढली, अगदी बेसबरोबर. दोघे एकाच दिशेने एकच पायरी चढले की बेसचा वेगळेपणा नाहीसा होतो. तो एकटा चढल्याचे कळत नाही, सगळी कॉर्डच उचलून वर ठेवल्यासारखी होते. सरांनी हे खूप वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगितले होते, "बेस वर जाईल तेव्हा बाकीच्यांनी खाली यायचं, फक्त निषादाला वर जायची मुभा." मी तिसऱ्या मुलीला प ऐवजी म दिला. आता मुख्य गायिका रे वरून सा वर उतरते, दुसरी नी वरून त्याच सा वर चढते, तिसरी म वरून ग वर उतरते. दोन मुली दोन बाजूंनी येऊन एकाच षड्जावर भेटतात आणि त्यांच्या खाली बेस एकटा ध वर जातो. त्या मापात षड्ज दोघी गात असल्यामुळे तो अधिक ठळक ऐकू येतो, आणि जितका षड्ज ठळक तितके त्याच्या खालचे रिकामेपण जाणवते. हे मी हिशोब करून लिहिले होते, तरी प्रत्यक्ष गळ्यांतून ऐकले तेव्हा अंगावर काटा आला.

शेवटची अडचण माणसांची होती. एकदा सगळ्यांना कळले की तिसऱ्या वेळी काहीतरी विशेष होणार आहे, तसे सगळे ते आधीच सांगू लागले. गायिका "परत ये" वर किंचित रेंगाळू लागली, ड्रम वाजवणारा सातव्या मापात लांबलचक फिल घेऊ लागला, बेसवाला ध वर जाण्याआधी प वरून घसरत जाऊ लागला. प्रत्येकाच्या मनात त्या क्षणाबद्दल प्रेमच होते. पण ऐकणाऱ्याला आधीच इशारा मिळाल्यावर चकित होण्याचे काही कारणच उरत नाही. मी तिन्ही ध्रुवपदांच्या शेवटच्या दोन मापांचे रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक लावून सर्वांना ऐकवले आणि एकच विनंती केली, की आठव्या मापाची पहिली मात्रा येईपर्यंत तिसरे ध्रुवपद दुसऱ्यापासून ओळखू येता कामा नये. झांजेचा ठोका सुद्धा दुसऱ्या वेळी पडतो तसाच, तितक्याच जोराने. ही कसोटी मला आता सगळ्यात भरवशाची वाटते. ध्रुवपदे अशी कापून लावावीत आणि गाणे न ऐकलेल्या एखाद्याला बसवून विचारावे की कुठला तुकडा कुठला. धैवत येण्याआधीच तो ओळखत असेल तर कोणीतरी आगाऊ बोलते आहे.

धैवतानंतर काय करायचे याबद्दल मला फारशी शंका नव्हती. ए मायनरचे एक माप, ज्यावर दोघींचा षड्ज तसाच धरलेला. मग एफचे एक माप, शब्द नाहीत, फक्त बासरीचे चार सूर. मग डी मायनर आणि जी सेव्हन्थ अर्धे अर्धे माप, त्यावर पुन्हा "परत ये", आणि मग "घरी" सी वर. ध्रुवपदाची आठ मापे अशी अकराची होतात. दुसऱ्यांदा येणारा षड्ज पहिल्या दोन ध्रुवपदांच्या षड्जापेक्षा अधिक गोड वाटतो, कारण तो मागून घ्यावा लागलेला असतो. काही जण धैवतावरच गाणे संपवतात. मी तसे केले नाही, कारण मला त्या आईला रात्रभर दारात उभे ठेवायचे नव्हते.

पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात आम्ही ते गायलो तेव्हा "घरी" हा शब्द आला आणि पहिल्या रांगेतल्या काही जणांचे हात टाळीसाठी उचलले गेले. ते हात तसेच हवेत राहिले. बासरी सुरू झाली तेव्हा ते खाली मांडीवर आले, आणि सी येऊन विरेपर्यंत कोणी टाळी वाजवली नाही.

त्या प्रयोगाचे रेकॉर्डिंग मी वसईला नेऊन सरांना ऐकवले. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून हेडफोन लावून ऐकले. ऐकताना त्यांचा डावा हात सवयीने टेबलावर बेस वाजवत होता. ती जागा आली तेव्हा ते हसले, काही बोलले नाहीत, आणि पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या वेळी त्यांना पुढे काय येणार हे पक्के ठाऊक होते, तरी त्यांची करंगळी टेबलावर षड्जाच्या जागेकडे गेली आणि मधेच थबकली. मी त्यांना ते सांगितले. ते म्हणाले, "डोक्याला ठाऊक असतं रे, हाताला नसतं." मग हेडफोन काढून त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. धैवतावर एक माप कमी पडते. या लयीत एक माप म्हणजे जेमतेम तीन सेकंद, तेवढ्यात माणसाला आपण कुठे आलो आहोत हे कळायला लागते आणि लगेच तुम्ही त्याला तिथून हलवता. दोन मापे धरा, षड्ज तसाच राहू द्या, आणि दुसऱ्या मापात ड्रम थांबवा.

आम्ही आता ते दोन मापांचे गातो. गायिकेला श्वास पुरत नाही म्हणून तिच्याबरोबर षड्जावर येणारी दुसरी मुलगी तो सूर पुढे चालवते, आणि ती मधेच हलक्याने श्वास घेते.